नवरीची खरी नखं

वारज्यात माझं छोटं पार्लर आहे. मुली खोटी नखं चिकटवून घेतात, उपटून काढतात आणि मग माझ्याकडे येऊन रडतात. माझं डोकंच फिरतं. बँकेत नोकरी करणारी एक मुलगीही त्यातलीच. साखरपुड्याला गोंदाने लावलेली नखं तिने टीव्ही बघता बघता एकेक ओढून काढली होती. सोबत खऱ्या नखांचे पापुद्रेही निघाले. मग घाबरून ती नखं कडक करणारं पॉलिश रोज लावत सुटली. नखं इतकी ताठ झाली की वाकायच्याऐवजी तुटायला लागली.

"दोन महिन्यांनी लग्न आहे. ही नखं मी कुणाला दाखवणार नाही," ती म्हणाली. हात ओढणीखाली होते.

"नको दाखवूस. पण ते पॉलिश बंद. सकाळ-संध्याकाळ नखांच्या कडांना तेल चोळ. पूर्ण नख बदलायला सहा महिने लागतात, घाई करून उपयोग नाही."

लग्नात खोटी नखं दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या पट्ट्यांनी लावायचं ठरलं. गोंद आठवडाभर धरतो, पण काढताना नखाचा जीव काढतो. पट्टी एक-दोन दिवस टिकते आणि कोमट साबणाच्या पाण्यात सैल पडते.

लग्नाच्या सकाळी नारायण पेठेतल्या कार्यालयात एकही नख टिकेना.

"आज तेल लावलंस?"

"अहो ताई, तुम्हीच म्हणालात ना, सकाळ-संध्याकाळ!"

तेलावर काय चिकटणार, कपाळ! आज लावू नकोस हे सांगायला मीच विसरले होते.

तिची आई म्हणाली, "गोंदच लावा हो. एका दिवसाचा तर प्रश्न आहे."

"दिवस तुमचा एक, भोगणार ती सहा महिने," मी म्हणाले. साबणाने तिचे हात धुतले, कोरडे केले, स्पिरिटने पुसले आणि नव्या पट्ट्या लावल्या. या वेळी बसल्या.

अक्षता पडल्या, पंगत बसली. तोवर दहा वेळा हात धुऊन दोन नखं कडेने सुटायला लागली होती. घास भरवायची वेळ आली तशी तिने मला बोलावलं.

"ताई, जिलबीबरोबर यांनी नख गिळलं तर?"

मी पर्समधून पट्ट्या काढल्या. ती म्हणाली, "नको. कोमट पाणी आणा, साबण घालून."

वाटीत बोटं बुडवून ती बसली. सगळे ताटकळले, आई डोळे वटारत होती. नखं सैल झाल्यावर मी ती कडेने हळूच सोडवली. मागे एकही पापुद्रा आला नाही. मला इतकं बरं वाटलं!

"मॅडम, हात जरा वर," फोटोग्राफर म्हणाला.

तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. जिलबीचा तुकडा उचलून हात चांगला उंच धरला. मुळाशी गुलाबी, टोकाला खरबरीत अशी तिची नखं सगळ्या मांडवाने पाहिली. नवऱ्याचं लक्ष मात्र जिलबीकडे होतं.