वहिनीने खोडलेलं वाक्य

आमच्या वहिनीशी माझं कधी पटलं नाही, आणि ते मी लपवतही नाही. नणंद-भावजयीचं पटायलाच हवं असा काही कायदा नाही. बस डेपोच्या चौकशी खिडकीत बसून तिचा आवाज असा झालाय की घरात मीठ मागितलं तरी शेजारी दचकतात. पण दादा गेल्यावर एका बाबतीत आम्ही दोघी एक झालो. त्या डॉक्टरला सोडायचं नाही.

दादाच्या हृदयाचे ठोके वेडेवाकडे पडायचे. रक्तात गुठळी होऊ नये म्हणून नवी गोळी निघाली होती, ती आधी थोड्या लोकांना देऊन बघायची होती. मोठ्या दवाखान्यातल्या हृदयाच्या डॉक्टरांनी विचारलं आणि दादा तयार झाला. त्याला बावीस पानांचं संमतीपत्र दिलं. दादाने पहिलं पान वाचलं, दुसरं चाळलं आणि सही ठोकली. पुढे त्याला शौचाला काळं व्हायला लागलं. तो आधीपासून लोहाच्या गोळ्या घ्यायचा. त्याला वाटलं, त्यांचाच रंग. वहिनीला बोलला नाही, मला तर नाहीच. असलं काही बहिणीला सांगायचं असतं का? पोटात रक्त झिरपत होतं, आणि हा माणूस सकाळी उठून झाडांना पाणी घालत होता. एक दिवस बाथरूमच्या दारातच पडला आणि मग उठलाच नाही.

चौकशी झाली. रक्तस्राव गोळीमुळेच झाला, असं लिहून आलं. पण डॉक्टर म्हणाले, ‘‘चौदाव्या पानावर स्पष्ट माहिती होती. त्यांनी सही केली होती.’’ आम्ही चौदावं पान काढलं. तिथे होतं, ‘कृष्णवर्णी मलप्रवृत्ती आढळल्यास सहभागीने अन्वेषकास तत्काळ अवगत करावे.’ मी तीनदा वाचलं. अन्वेषक म्हणजे कोण, हे मला तिसऱ्यांदाही कळलं नाही. मला आपलं वाटलं, पोलिसातला कुणीतरी असणार. तो म्हणजे हाच डॉक्टर, हे वहिनीने दवाखान्यातल्या एका नर्सला विचारून शोधून काढलं. त्या दिवशी ती जेवली नाही. ‘‘स्पष्ट,’’ एवढंच म्हणत होती. ‘‘स्पष्ट म्हणे.’’

मी म्हटलं, वकील गाठू, पेपरात देऊ, दाराशी जाऊन बसू. तिने यातलं काहीच केलं नाही. दवाखान्याच्या नीतिसमितीला साधे वाचक हवे होते, तिथे तिने अर्ज केला. औषधाचा अभ्यास माणसांवर करण्याआधी ही समिती कागद तपासते. संमतीपत्र सोप्या भाषेत आणायचं, मग चार साध्या माणसांना वाचायला द्यायचं आणि प्रत्येकाने काय कळलं ते स्वतःच्या शब्दांत सांगायचं. चुकलं तर वाचणारा नापास होत नाही, कागद नापास होतो. वहिनीने अर्जातच लिहून दिलं होतं की माझा नवरा तुमच्याकडच्या अभ्यासात गेला. समितीच्या अध्यक्ष म्हणजे एक निवृत्त न्यायाधीश बाई. त्या म्हणाल्या, ‘‘वाचक समितीत मतदान करत नाहीत. यांनी काही लपवलेलं नाही. त्या डॉक्टरांचा कागद आला तर बाहेरचाही एक वाचक बसवू.’’

मी विचारलं, ‘‘बदला घ्यायचाय का कागद वाचायचेत?’’

‘‘बदलाच घ्यायचाय,’’ वहिनी म्हणाली. ‘‘तो तिथेच येणार ना कधीतरी.’’

आणि तो आला. तीच गोळी, आता मोठा अभ्यास, दोनशे माणसं. मी दर वेळी वहिनीबरोबर जाऊन खोलीत मागे बसायचे. अध्यक्षबाईंनी परवानगी दिली होती, फक्त तोंड उघडायचं नाही या अटीवर. माझ्यासाठी ही अट म्हणजे जन्मठेप होती.

वहिनीच्या बरोबरीने एक रिक्षावाला, एक केस कापणारा, दवाखान्याबाहेरची इस्त्रीवाली आणि बाहेरून बोलावलेला प्लंबर असे वाचक होते. समितीच्या सेक्रेटरीबाई लिहायच्या. एका वाक्यात एकच गोष्ट. ‘सहभागी’ खोडून ‘तुम्ही’. ‘यादृच्छिक विभागणी’ कुणाला कळेना, तेव्हा लिहिलं, ‘चिठ्ठी काढल्यासारखं ठरेल. निम्म्यांना नवी गोळी, निम्म्यांना नेहमीची. तुम्हाला कुठली मिळाली हे तुम्हालाही कळणार नाही आणि डॉक्टरांनाही.’ ते वाचून इस्त्रीवाली म्हणाली, ‘‘म्हणजे डॉक्टर माझ्यासाठी चांगली ती निवडणार.’’ कागद नापास. मग खाली आणखी एक वाक्य आलं, ‘डॉक्टर तुमच्यासाठी गोळी निवडणार नाहीत.’ ‘कधीही सोडता येईल’ हे चौथ्या पानावरून पहिल्यावर आणलं, आणि त्याला ‘सोडलंत तरी इथले उपचार चालू राहतील’ हे जोडलं.

त्रासांच्या भागाशी आलो तेव्हा वहिनीची मान ताठ झाली. ती म्हणाली, ‘‘लिहा, ही गोळी माणूस मारते.’’

अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. ‘‘लोकांना कळावं म्हणून लिहितोय, पळून जावेत म्हणून नाही. शंभरात किती जणांना, ते लिहा. आणि जुन्या गोळीने किती जणांना, तेही शेजारी.’’

शेवटी पहिल्याच पानावर आलं, ‘नवी गोळी घेणाऱ्या शंभरातल्या तिघांना मोठा रक्तस्राव झाला. नेहमीच्या गोळीने शंभरातल्या दोघांना होतो. शौचाला डांबरासारखं काळं झालं, तर पुढची गोळी घेण्याआधी या नंबरवर फोन करा. रात्रीसुद्धा करा. लोहाची गोळी घेत असाल तरी करा.’

हे शेवटचं वाक्य वहिनीचं. सेक्रेटरीबाईंनी काही न विचारता लिहून घेतलं.

मग मागच्या अभ्यासाची माहिती राहिली, तोवर बाकीचे वाचक आपापल्या कामाला निघून गेले होते. डॉक्टरांच्या मसुद्यात होतं, ‘एक प्राणघातक रक्तस्रावी घटना नोंदवली गेली.’ घटना! माझा भाऊ म्हणजे घटना. वहिनीने सांगितलं आणि सेक्रेटरीबाईंनी लिहिलं, ‘मागच्या अभ्यासात नवी गोळी घेणारा एक माणूस रक्तस्रावाने मरण पावला. त्याला शौचाला काळं होत होतं, पण त्याने फोन केला नाही. काळं झालं तर फोन करायचा असतो, हे त्याला समजेल असं कुणी सांगितलं नव्हतं.’

म्हटलं, शाब्बास गं. आता हा कागद दोनशे जणांच्या हातात जाणार.

समितीच्या बैठकीत डॉक्टर आले. गोरेगोमटे, इस्त्रीचा शर्ट, आवाज साखरेचा. वहिनीकडे त्यांनी पाहिलं नाही. म्हणाले, ‘‘मृत्यूचा उल्लेख ठीक आहे, तो करावाच लागतो. पण शेवटचं वाक्य म्हणजे माहिती नाही, आरोप आहे.’’

समितीत कुजबुज झाली. एक सदस्य वहिनीच्या बाजूने, दुसरा डॉक्टरांच्या. अध्यक्षबाई मत घ्यायच्या बेतात होत्या, तेवढ्यात वहिनी म्हणाली, ‘‘काढून टाका ते वाक्य.’’

‘‘नक्की?’’

‘‘नक्की. फक्त एक विनंती आहे. या कागदाच्या शेवटच्या वाचनाला डॉक्टरांनी स्वतः बसावं. लोक विचारतील त्याची उत्तरं त्यांनीच द्यावीत.’’

‘‘अवश्य,’’ डॉक्टर म्हणाले. सुटल्याचा आनंद त्यांच्या तोंडावर दिसत होता.

मी बाहेर येऊन वहिनीला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेपूट घातलंस, म्हटलं. नवऱ्याला दुसऱ्यांदा मारलंस, म्हटलं. ती दवाखान्याबाहेरच्या गाडीवर भाजी निवडत राहिली. मी आठवडाभर तिच्या घरी पाऊल टाकलं नाही.

वाचनाच्या दिवशी मात्र गेले. राग असला म्हणून काय झालं, घरचं कार्य होतं ते. लांबट टेबल, एका बाजूला वाचक, समोर डॉक्टर, कडेला अध्यक्षबाई आणि सेक्रेटरीबाई. वहिनी डॉक्टरांच्या बरोबर समोर बसली.

रिक्षावाल्याने वाचून सांगितलं, ‘‘मला कुठली गोळी मिळेल ते चिठ्ठीवर. नको वाटलं तर मी कधीही सोडू शकतो.’’ पास. इस्त्रीवालीने सांगितलं, ‘‘काळं झालं की गोळी घेण्याआधी फोन, रात्री झोपेत असतील तरी फोन.’’ पास. डॉक्टर हसून मान डोलावत होते.

केस कापणाऱ्याने बोट ठेवून वाचलं, ‘‘मागच्या अभ्यासात एक माणूस मरण पावला. त्याला शौचाला काळं होत होतं, पण त्याने फोन केला नाही.’’ तो थांबला. ‘‘का नाही केला?’’

सगळे डॉक्टरांकडे वळले.

‘‘त्यांना माहिती दिलेली होती,’’ डॉक्टर म्हणाले.

‘‘मग केला का नाही? फोन बंद होता का त्याचा?’’

‘‘नाही. म्हणजे, त्यांच्या लक्षात आलं नसावं.’’

‘‘काळं होतंय हे लक्षात येणार नाही?’’ प्लंबर म्हणाला. ‘‘माहिती दिली, काळं झालं, तरी माणूस गप्प. हे मला कळलं नाही, बाई. कागद नापास लिहा.’’

डॉक्टरांनी अध्यक्षबाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, ‘‘विचारलेल्या प्रश्नाचं खरं उत्तर द्यायचं असतं. तुम्हाला हा नियम माहीत आहे.’’

डॉक्टरांनी टेबलावरचा पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता खाली ठेवला. समोर वहिनी होती. दुसरीकडे बघायला जागाच नव्हती.

‘‘आम्ही दिलेली माहिती त्यांना कळेल अशी नव्हती,’’ ते म्हणाले. ‘‘फोन करायचा असतो, हे त्यांना समजेल असं मी सांगितलं नव्हतं.’’

‘‘हां,’’ केस कापणारा म्हणाला. ‘‘आता कळलं.’’

वहिनी सेक्रेटरीबाईंकडे वळली. डेपोच्या खिडकीतल्या आवाजात नाही, अगदी हळू म्हणाली, ‘‘हा प्रश्न सगळेच विचारणार. डॉक्टरांनी आत्ता दिलं ते उत्तर लिहून ठेवा. प्रत्येकाला तेच मिळायला हवं ना?’’

‘‘हवंच,’’ अध्यक्षबाई म्हणाल्या. ‘‘आणि संमतीची बोलणी डॉक्टर स्वतः करतील. मदतनिसावर सोपवायची नाहीत.’’

बाहेर जिन्यात मी वहिनीचा हात धरला.

‘‘तुला ते वाक्य कागदावर हवं होतं,’’ ती म्हणाली. ‘‘कागदावर असतं तर त्याने कागद पुढे सरकवला असता, आणि बसला असता घड्याळ बघत. आता दोनशे माणसं समोर बसून विचारणार, का नाही केला फोन. आणि दर वेळी त्याने तोंडाने सांगायचं.’’

‘‘आणि त्याला सवय झाली तर? पोपटासारखं बोलायला लागला तर?’’

‘‘लागू दे. काळं झालं की ऐकणारा फोन तर करेल.’’

‘‘म्हणजे माफ केलंस त्याला?’’

वहिनी दोन पायऱ्या उतरून थांबली आणि तिने माझ्याकडे असं बघितलं की मी आणखी काही विचारलं नाही.

‘‘मी प्रत्येक वेळी तिथे नसेन, एवढंच वाईट वाटतं,’’ ती म्हणाली.