मोरीच्या तेलाची बाटली

कॉलेजात असताना माझ्या तोंडभर गळवांसारखी मुरमं उठली होती. कणकवलीच्या डॉक्टरीणबाईंनी आयसोट्रेटिनॉइनच्या कॅप्सूल लिहिण्याआधी रक्त तपासलं आणि गरोदरपणाची चाचणीही करायला लावली. आई भडकली. "माझ्या चेडवाचा लगीन खंय झाला?"

बाई म्हणाल्या, "नियम सगळ्यांना एकच. कोर्स चालू असताना आणि संपल्यावर महिनाभर दिवस राहता कामा नयेत. मूल व्यंग घेऊन जन्मू शकतं. आणि अ जीवनसत्त्वाचं दुसरं काहीही घ्यायचं नाही."

महिन्याभरात ओठ इतके सुकले की हसले तरी रक्त यायचं. आईकडे त्यावर घरचा उपाय होता, आमच्याच होडीवर मिळालेल्या मोरीच्या, म्हणजे शार्कच्या, लिव्हरचं तेल. रोज एक चमचा. तिच्या लेखी ते औषध नव्हतंच, आणि मला तिच्याशी वाद घालायचा कंटाळा.

पुढच्या रक्ततपासणीत लिव्हरचे आकडे चढलेले. डोकंही सतत ठणकत होतं. तेलाचं नाव काढताच बाईंनी पेन खाली ठेवलं. "त्या तेलात अ जीवनसत्त्व ठासून भरलेलं असतं. ही कॅप्सूलही त्याच कुळातली." दोन्ही बंद झालं.

घरी येऊन मी आईला ती बाटली फेकायला सांगितलं. "बरा," ती म्हणाली. इतक्या सहज ती कधी ऐकायची नाही, हे माझ्या तेव्हाच ध्यानात यायला हवं होतं.

आठवड्याने स्वयंपाकघरात गेले, तर वहिनी नाक मुरडत चमचा चाटत होती. समोर तीच बाटली होती, तेल तळाला गेलेलं.

वहिनीला तिसरा महिना होता.