पडद्यावरचे तीस

भूमच्या एस.टी. डेपोत इंजिनाखाली निम्मं आयुष्य काढलेल्या शेख पाशामियाँची फरिदा ही थोरली लेक. शाळेत असताना गुरुजींनी बरोबर गणितावर फुली मारली, तर ही पोर शाळा सुटल्यावर त्यांच्या घरी जाऊन उंबऱ्यावर बसली. गुरुजींनी जेवायला बस म्हटलं, तर म्हणाली, "जेवायला न्हाय आले, गणित बघायला आलेय." दिवेलागणीला गुरुजींनी फुली खोडली तेव्हा कुठं उठली. आई हसीनाबी कपाळाला हात लावून म्हणायची, हिला कुठल्या घरी द्यायची?

घरी द्यायच्या आधी तिला कॉलेजात घातली. दुष्काळाची ती वर्षं. माळरानं भाजून निघालेली, उसाचं नाव नाही, आणि कारखान्याच्या धुराड्यातून धूर निघायचा बंद झालेला. पण कारखान्याच्या मंडळींनी माळावर पॉलिटेक्निक काढलं होतं आणि त्यात कॉम्प्युटरचा डिप्लोमा. जिल्ह्यात नवलाईची गोष्ट. होस्टेलच्या पोरींना टँकरपुढं घागरी लावून ताटकळावं लागायचं, पण कॉम्प्युटरच्या खोलीला गारवा असायचा. चपला बाहेर काढायच्या, पाय पुसायचे आणि देवळात शिरल्यासारखं दबकत आत जायचं. आत चार मशिनी. चौथ्या मशिनीवर भरतकामाचं कापड पांघरलेलं. ती पाहुण्यांना दाखवायची, चालवायची नाही.

उरलेल्या तिन्हींसमोर पोरं गटागटानं बसायची. फरिदाच्या गटात बटणं दाबायचं काम बेंबळीच्या मच्छिंद्र सरवदेकडं. त्याच्याकडं टायपिंगचं सर्टिफिकेट होतं, शिवाय तो पोरगा होता. फरिदानं वहीतून प्रोग्राम वाचून दाखवायचा, मच्छिंद्रनं तो टाइप करून मशिनीत उठवायचा. पोरींनी कीबोर्डला हात लावायचा नाही असं कुठं लिहिलेलं नव्हतं, पण लॅब सांभाळणाऱ्या घोडके सरांना ते आवडायचं नाही, आणि सरांना न आवडणं म्हणजे लिहिल्यासारखंच.

उत्तरेश्वर घोडके रेडिओ दुरुस्तीतून वर आलेला माणूस. वाईट नव्हता. पण मशिनी ताब्यात घेताना त्याच्याच सह्या घेतलेल्या, त्यामुळं कुणी बटण जोरात दाबलं तरी तो धावत यायचा.

त्या महिन्यात डेटा स्ट्रक्चरची असाइनमेंट होती: सी भाषेत लिंक्ड लिस्ट करून दाखवा, तिच्यात आकडा घाला आणि काढा. फरिदाला ती लई आवडली. आकडे एकाशेजारी एक बसवायचे नाहीत. मेमरीत जिथं जागा मिळेल तिथं बसू द्यायचे, फक्त प्रत्येकाजवळ पुढच्याचा पत्ता ठेवायचा. शेवटच्याजवळ पत्त्याच्या जागी नल, म्हणजे पुढं कुणी नाही. मधे नवा आकडा घालायचा तर बाकीच्यांना हलवायचं नाही, नुसते दोन पत्ते बदलायचे. तिनं वहीत दोन ओळी लिहून खाली रेघ मारली होती:

navin->next = p->next;
p->next = navin;

आधी नव्याला पुढच्याचा पत्ता द्यायचा, मग मागच्याला नव्याचा. रेघ मारायचं कारण क्रम.

मच्छिंद्रनं उठवताना पहिली ओळ गाळली. पुढं गेल्यावर त्याच्या ध्यानात आलं, तेव्हा ती त्यानं दुसरीच्या खाली घुसडली.

"वर घे ती," फरिदा म्हणाली.

"खाली-वर झाल्यानं काय व्हतंय? दोन्ही हायेत की."

तोवर त्यानं चालवूनही टाकला. यादीत दहा, वीस, चाळीस होते. विसाच्या पुढं तीस घालायचे होते. पडद्यावर दहा आले, वीस आले, तीस आले. मग पुन्हा तीस. पुन्हा तीस. सगळा पडदा तिसांनी भरला आणि खालून वर पळायला लागला.

फरिदाला क्षणात उमगलं. विसाला आधीच तिसाचा पत्ता दिला. मग तिसानं विचारलं, विसाच्या पुढं कोण? तर तीसच. म्हणजे तिसानं आपलाच पत्ता आपल्याजवळ ठेवला, आणि चाळीस कुठंय हे सांगणारं कुणी उरलं नाही. ती सांगायला तोंड उघडते तोवर घोडके सर धावत आले आणि त्यांनी भिंतीवरचं मेन बटण खाली ओढलं. तिन्ही पडदे काळे झाले. सगळ्या खोलीचं त्या दिवसाचं काम पाण्यात गेलं.

"मशीन बिघडवलं," सर म्हणाले. "प्रोग्राम कुणाचा?"

मच्छिंद्र खाली बघत म्हणाला, "हिचा."

"सर, ओळी उलट पडल्या. मशिनीला काय झालेलं नाही," फरिदा म्हणाली.

"तुला काय माहीत? तेच तेच आकडे मेमरीत घट्ट बसले असतील."

"वीज गेली की मेमरी कोरी होते, सर. तुम्हीच शिकवलंय. आन् इथं तर रोज दोनदा जाते."

मागं कुणीतरी फिसकन हसलं, आणि तिथंच बिनसलं. सरांनी हुकूम सोडला: शेखनं उद्यापासून लॅबमध्ये यायचं नाही. माझ्या निष्काळजीपणामुळं संगणकाचं नुकसान झालं, असा माफीनामा द्यायचा आणि पालकांना आणायचं. तोवर जर्नलवर सही नाही. सही नाही म्हणजे परीक्षा नाही, आणि परीक्षा नाही म्हणजे वर्ष गेलं.

फरिदा बाहेर आली ती तशीच अनवाणी चालू लागली. मच्छिंद्र मागून चपला घेऊन आला.

"लिहून टाक की. एक कागद तर हाय."

"तुझं बोट, तुझी घाई, आन् कागद म्या लिहू?"

"माझी फ्रीशिप हाय, फरिदा. माझं नाव आलं तर संपलं."

"माझं नाव आलं तर काय मिठाई वाटणारेत?"

मच्छिंद्रनं चपला तिच्यापुढं ठेवल्या आणि परत आत गेला.

दोन दिवसांनी पाशामियाँ पहिल्या गाडीनं आले. इस्त्रीचा पायजमा, डोक्यावर टोपी, नखांत मात्र ऑइल तसंच. घरून हसीनाबीनं बजावून पाठवलेलं, पोरीचं ऐकू नका, मिटवून या. वाटेत ते लेकीला समजावत होते. "लिख दे बेटी. अपना क्या जाता?"

"झूट लिखूँ क्या अब्बा?"

ते पुढं चालू लागले. पण लॅबच्या दारात चपला काढताच त्यांचे हात आपोआप जोडले गेले. फरिदाला त्या जोडलेल्या हातांचाच जास्त राग आला.

"सायेब, लेकराची चूक झाली असंल. पदरात घ्या."

"पाशामियाँ, तुमच्याकडं बघून मिटवतो. एवढा कागद द्यायला सांगा," सर म्हणाले. मजकूर त्यांनीच तयार ठेवला होता.

पाशामियाँनी कागद घेतला. डोळ्यांपासून लांब धरून सावकाश वाचला. मग मशिनीकडं बघितलं.

"ही बिघडलेली कुठली?"

"ती कडंची."

तिच्यावर बसून एक पोरगा खुशाल टकटक करत होता.

पाशामियाँनी हात सोडले. "सायेब, आमच्याकडं गाडी बंद पडली तर ड्रायव्हरकडून लिहून घेत्यात. पण त्याआधी बॉनेट उघडून बघावं लागतं. तुम्ही बघितलं का?"

"तसं आत बघता येत नाही त्यात."

"मग बिघडली कशावरनं?"

सर कावले. "पुन्हा बिघडेल, याची भीती आहे मला. एवढ्या लाखाच्या वस्तू..."

"मला बसू द्या," फरिदा म्हणाली. "त्याच मशीनवर. तोच प्रोग्राम, तशाच उलट्या ओळी. बिघडलं तर कागदावर सही करते आन् कॉलेज सोडते."

"बेटी," पाशामियाँ हळूच म्हणाले.

तेवढ्यात मच्छिंद्र गटातून उठला. "सर, उलट्या ओळी माझ्या हातनं पडल्या. तिनं सांगितलं व्हतं. बघा तरी."

आता पोरंही भोवती जमली. सरांनी नाइलाजानं मान हलवली.

फरिदा पहिल्यांदा कीबोर्डसमोर बसली. एका बोटानं, अक्षर हुडकत हुडकत. मागं कुणीतरी जांभई दिली, कुणी पैज लावली. तिनं कुणाकडं बघितलं नाही. उलट्या ओळी तशाच घातल्या आणि चालवलं.

दहा. वीस. तीस. तीस. तीस. पडदा पळायला लागला.

सरांचा हात मेन बटणाकडं गेला.

"सर, थांबा," ती म्हणाली, आणि कंट्रोल दाबून धरून ब्रेकचं बटण दाबलं.

पडदा जागच्या जागी थांबला. तिसांची रांग निमूट उभी. मशीन जशीच्या तशी सुरू.

"पुस्तकाच्या शेवटच्या पानावर दिलंय हे," ती म्हणाली. पुस्तक सरांच्या कपाटात कुलपात असायचं, मागून मागून तिनं ते एकदाच मिळवलं होतं. हे ती बोलली नाही. बोलली असती तर फार बोलली असती.

तिनं ओळी सरळ केल्या. दहा, वीस, तीस, चाळीस, आणि पडदा गप. मग मशिनीला वीस काढायला सांगितले. मागच्या दहाला तिसाचा पत्ता, आणि विसाची जागा फ्री करून मेमरीला परत. दहा, तीस, चाळीस. मग मुद्दाम पहिलाच दहा काढला, कारण तिथं मागं कुणी नसतं आणि यादीची सुरुवातच बदलावी लागते. वहीत तिनं त्याचीही वेगळी ओळ लिहिली होती: सुरुवात पुढं सरकवायची, पण जुना पत्ता आधी बाजूला धरून ठेवायचा, नाहीतर फ्री कुणाला करणार? पडद्यावर तीस, चाळीस.

सरांनी चष्मा काढून पुसला.

"बरंय. सही करतो. पण मी वर कळवून बसलोय ना, नुकसान झालं म्हणून. फायलीला काहीतरी लागेल. 'नुकसान झालं असावं' एवढंच लिही."

"झालं नाही, तर असावं कसं?"

"अगं, कारखान्याची मंडळी विचारतील मला."

"मग तुम्हीच कळवा, सर. मशीन चालू आहे म्हणून. आन् मेन बटण कुणी ओढलं तेबी कळवा, सगळ्यांचं काम त्यानंच गेलं."

पाशामियाँनी तो तयार कागद नीट घडी घालून सरांच्या टेबलावर ठेवला. पायांजवळ नाही, टेबलावर. "पोरगी माझी आहे सायेब," ते म्हणाले, "पण गणित तिचं."

घोडके सरांनी ती घडी खणात टाकली. मग जर्नल ओढलं, झटक्यात सही केली आणि गुण लिहून तिच्याकडं सरकवलं. फरिदानं उघडून बघितलं. दहापैकी सहा.

"सहा का?"

"वर्तणुकीचे कापले."

पाशामियाँ चपला घालून बाहेर उभे होते. स्टँडवर गाडी लागायची वेळ झालेली. "चल बेटी, गाडी जाएगी."

"जाऊ द्या अब्बा. दुसरी हाय."

तिनं घोडके सरांच्या टेबलासमोरची खुर्ची ओढली आणि बसली. जर्नल मधे उघडं ठेवलं, असाइनमेंटच्या पानावर बोट टेकवलं.

"वर्तणूक ह्याच्यात कुठल्या ओळीत येते, सर, ते दाखवा. मग जाते."