शेवटच्या डब्यापासून

प्रांजलला कुठलीही गोष्ट सरळ वापरता येत नाही. लिफ्टचं बटण दाबलं की दार बंद होताना मध्येच पाय घालून बघणार, उघडतं का. दुकानदाराने दही दिलं की आधी तारीख बघणार, मग पिशवी उलटी करणार. तिची आई प्रेमा म्हणते, "हिचा लगीन झाला तर नवऱ्याकय उलटो करून बघतली."

तो तिचा धंदाच आहे. गोरेगाव पूर्वेला एका ऑफिसात ती टेस्टर आहे. दुसऱ्यांनी लिहिलेला प्रोग्राम कुठे फाटतो ते शोधायचं आणि लिहून कळवायचं. त्याला बग टाकणं म्हणतात. ज्याच्यावर बग पडतो तो दोन दिवस चहाला हाक मारत नाही. प्रांजलला त्याची सवय झालीय. सकाळी नाहूरहून लिंक रोडच्या बसला लटकायचं, दिवसभर लोकांच्या चुका काढायच्या, आणि ज्याच्या काढल्या त्याचंच तोंड बघत परत यायचं.

पावसाळ्याच्या आधी साहेबांनी सगळ्या टेस्टरना बोलावून सांगितलं की ही टीम आता बंद. तपासायचं काम मशीन करेल. ज्याला प्रोग्राम लिहिता येतो त्याने आतल्या आत इंटरव्ह्यू द्यावा, पास झाला तर डेव्हलपर. बाकीच्यांनी बाहेर बघावं. साहेब हे बोलताना एसीचा रिमोट शोधत होते.

तेव्हापासून ही बया अभ्यासाला बसली. ऑफिस करून, घरी भाकऱ्या थापून, मग मोबाईलवर धडे. बाप गुणाजी गिरणी गेल्यापासून वॉचमनगिरी करतो, त्याला दिवसा झोपायचं असतं, म्हणून रविवारी ती बिल्डिंगच्या जिन्यात बसून शिकायची. डोळ्यांखाली काळं आलं. कुणी विचारलं, कसं चाललंय, तर म्हणायची, "चाललंय ना." बास, तेवढंच.

इंटरव्ह्यू शुक्रवारी संध्याकाळी लागला. समोर दोघं. एक अनिरुद्ध, टीम लीड, सकाळपासून इंटरव्ह्यू घेऊन घेऊन चेहरा सुकलेला. दुसरा हर्षद. हर्षदवर प्रांजलने आजवर सगळ्यात जास्त बग टाकलेत, हे अख्ख्या मजल्याला ठाऊक.

"ये. आज चुका काढायची आमची पाळी," हर्षद म्हणाला.

"चुका करायची तर रोजच तुझी असते," ती म्हणाली आणि लॅपटॉप ओढून बसली. तिचा स्क्रीन भिंतीवरच्या टीव्हीवर दिसत होता.

अनिरुद्ध म्हणाला, "पास्कलचा त्रिकोण माहितीये?"

माहीत होता. वरती एक. खाली एक, एक. त्याखाली एक, दोन, एक. दोन्ही टोकांना एक, आणि मधला प्रत्येक आकडा वरच्या दोघांची बेरीज. वरची ओळ शून्य नंबरची धरायची.

"मी नंबर देईन, तू ती ओळ काढून द्यायची."

प्रांजलला हायसं वाटलं. हे तिने पाठ केलेलं. एका ॲरेत जुनी ओळ, दुसऱ्यात नवी. बोटं चालायला लागली तेवढ्यात अनिरुद्ध बोलला, "दोन नाही. एकच ॲरे. त्याच्यातच बदलत जा."

बोटं थांबली. ॲरे म्हणजे एका रांगेत मांडलेले डबे, प्रत्येकात एक आकडा. तिने पहिल्या डब्यात एक टाकला, बाकीच्यांत शून्य. मग प्रत्येक नव्या ओळीसाठी डावीकडून निघायचं, दुसऱ्या डब्यापासून त्या ओळीच्या शेवटच्या डब्यापर्यंत. प्रत्येक डब्याने आपल्या डावीकडच्याचा आकडा स्वतःत मिळवायचा. वाचायला झकास दिसत होतं. तिने एंटर मारलं आणि ओळ नंबर एक मागितली. टीव्हीवर आलं, १ १.

अनिरुद्धने घड्याळाकडे बघितलं. "बरोबर आहे. चल, मला पावणेसातची बस गाठायचीये. हर्षद, तुला काही?"

"मला काय? चालतंय की." हर्षदने जांभई दिली.

संपलं होतं खरं तर. लॅपटॉप मिटायचा, थँक्यू म्हणायचं, घरी जायचं. दुसरी कुणीही असती तर गेली असती. नोकरी वाचली होती. प्रांजलचा हात लॅपटॉपच्या झाकणावर गेलासुद्धा. पण तिने एकच ओळ तपासली होती, तीही सगळ्यात सोपी. दुसऱ्या कुणी असं तपासून दिलं असतं तर तिने त्याला सोललं असतं.

"थांब," ती म्हणाली. "दोन नंबरची बघू दे."

"अगं, झालंय तुझं," अनिरुद्ध म्हणाला.

तिने दोन टाकला. टीव्हीवर आलं, १ २ २.

हर्षद खुर्चीत सरळ बसला. "वाट लागली," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात जरा मजाच होती. "स्वतःवरच बग टाकलास?"

"टाकला," प्रांजल म्हणाली. तिला एकदम खूप दमल्यासारखं झालं. इतके रविवार जिन्यात घालवले आणि शेवटी स्वतःच्या हाताने माती केली. तिने मार्कर घेतला आणि बोर्डवर डबे काढले, १ १ ०. मधल्या डब्याने डावीकडचा एक घेतला, झाले दोन. बरोबर. शेवटच्याने डावीकडचा घेतला. त्याला हवा होता जुना एक. तिथे आता बसलेत नवे दोन.

ती तशीच बघत राहिली. हे तिने हजारदा बघितलेलं. टेस्टिंगमध्ये पहिला नियम तोच, जी चाचणी डेटा बिघडवते ती शेवटी ठेवायची. ग्राहकाचं खातं आधीच डिलीट केलंस तर पुढच्या चाचण्या कशावर करणार? ज्याची अजून कुणाला तरी गरज आहे त्याला हात लावायचा नाही.

"ह्या शेवटच्या डब्याची कुणालाच गरज नाही," ती बोर्डाशीच बोलली. "ह्याच्या उजवीकडे कोण आहे? कुणीच नाही. मग आधी हाच बदलायचा."

तिने मुद्दाम मोठी ओळ घेतली, १ ३ ३ १ ०. उजवीकडून निघाली. शून्यात एक, झाला एक. एकात तीन, चार. तीनात तीन, सहा. तीनात एक, चार. पहिल्या डब्याला हात नाही. बोर्डवर उभं राहिलं, १ ४ ६ ४ १. जो बदलला त्याच्याकडे मागे वळून कुणालाच बघायचं नव्हतं.

प्रोग्राममध्ये फक्त डब्यांवरून जाणारा आतला फेरा उलटा केला. दोन टाकला, चार टाकला, शून्यही टाकून बघितला. सगळं बरोबर आलं.

अनिरुद्धची बस गेली होती. तो म्हणाला, "मला दिसलं नव्हतं गं. सकाळपासून हाच प्रश्न विचारतोय."

"तुला दिसलं नाही हे पण लिहू का?"

तो हसला, पण दमलेलं. "सोमवारी कळवतो."

खाली आली तेव्हा प्रेमाचा फोन. "काय गो, झाला?"

"पास करत होते, मीच चूक काढली."

"कोणाची?"

"माझी."

प्रेमा म्हणाली, "ये घराक. बांगडे तळलंय."

सोमवारी निरोप आला, घेतली. प्रांजलने वाचलं, मोबाईल पालथा ठेवला आणि पाणी पिऊन आली. नाचावंसं वाटायला हवं होतं, पण अंगात तेवढं उरलं नव्हतं. दुपारी सामान उचलून ती डेव्हलपरांच्या रांगेत गेली. जागा हर्षदच्या शेजारची.

"ये," हर्षद म्हणाला. "पहिलं काम काढून ठेवलंय तुझ्यासाठी."

स्क्रीनवर बगांची लांब रांग होती. हर्षदच्या प्रोग्राममधले, सगळे तिनेच टाकलेले.

"हे तू दुरुस्त करणार होतास ना रे?"

"होतो. मग तू आलीस."

तिने खुर्ची पुढे ओढली, रांगेच्या शेवटाला गेली आणि तिथून सुरुवात केली.