काळ्या हॉलची मागची भिंत

गाव सोडलं त्या सकाळी नागपूरची बस हॉलच्या छज्ज्याखाली उभी होती. हॉल म्हणजे आमच्या गावाचं सार्वजनिक सभागृह. आलापल्लीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, ना गिलावा ना रंग, नुसतं उघडं काँक्रीट. पावसाच्या ओघळांनी ते इतकं काळवंडलं होतं की सगळं गाव त्याला काळा हॉल म्हणे. आई म्हणाली, "भितीले टेकू नोको, डरेस काळा होईन." कोपऱ्यांत पानाच्या पिचकाऱ्या, वर वटवाघळं, आणि सगळ्यावर मुताचा दर्प. बस हलली तेव्हा मला रडू आलं खरं, पण त्या इमारतीकडे पाहून एकच वाटलं, सुटले बाई.

गावात राहिलेल्यांनो आणि माझ्यासारखं बाहेर पडलेल्यांनो, तुम्हाला गंमत सांगते. सिव्हिल केलं, नागपूर झालं, मग इंग्लंडात लीड्सला नोकरी लागली, आणि पहिलं काम काय मिळालं? साठच्या दशकातलं उघड्या काँक्रीटचं एक वाचनालय वाचवायचं! तिथला माझा साहेब भिंतीवरून असा हात फिरवायचा की जणू शालूच. मला शिसारी आली. मनात म्हटलं, तू आमचा हॉल नाकानं पाहिलेला नाहीस बाबा.

पण पोटासाठी शिकावं लागलं, आणि शिकता शिकता राग थोडा जागा बदलत गेला. या इमारती लोकांना कुरूप का वाटल्या? त्या बांधणाऱ्या सरकारांनी त्यांची निगा कधी राखलीच नाही म्हणून. पन्हाळी तुंबल्या, पाणी भिंतीवरून वाहिलं, शेवाळ चढलं, सळया गंजून फुगल्या आणि वरचे पोपडे पडले. लोकांनी दोष दिला काँक्रीटला. त्यात या इमारती आईबापांच्या पिढीच्या, आणि आईबापांची आवड मुलांना कधी पटते? आता नातवंडं मोठी झाली, तेव्हा त्यांना दिसतंय की ही वाचनालयं, सभागृहं, दवाखाने सगळ्यांसाठी म्हणून बांधलेले होते, एका शेठसाठी नव्हे. काही नामी इमारती पाडल्यावर लोक हळहळले. शिवाय धडधाकट इमारत पाडायची म्हणजे सिमेंट भाजताना एकदा झालेला धूर वाया घालवायचा आणि नव्या सिमेंटसाठी पुन्हा तेवढाच करायचा. तिकडे साधारण तीस वर्षं झाली की इमारत वारसा यादीसाठी विचारात येते. आपल्याकडे राष्ट्रीय स्मारकाला शंभर वर्षं लागतात, म्हणजे आमच्या हॉलसारखं साठच्या दशकातलं बांधकाम मधल्यामधे लटकतं. स्थानिक मंडळींना वाटलं तरच ते वाचतं.

आमच्या स्थानिक मंडळींना वाटलं होतं की तिथं शॉपिंग कॉम्प्लेक्स व्हावं. गेल्या हिवाळ्यात माझा भाऊ प्रकाश फोनवर म्हणाला, "काळा हॉल पाडून राह्यले. तू तं हेच काम करतं नं? ये." मी गेले. का गेले, ते विमानातही मला नीट सांगता आलं नसतं.

चार ठिकाणी भिंत जराशी फोडून फिनॉल्फ्थॅलिनचं द्रावण मारलं. काँक्रीट गुलाबी झालं तर त्यातला क्षार शाबूत आणि सळया सुरक्षित. रंग चढला नाही तर हवेनं तो क्षार खाल्लेला. आमचा हॉल लाजल्यासारखा गुलाबी झाला. तुंबलेल्या पन्हाळीखाली तेवढं सडलेलं होतं, आणि मागच्या भिंतीचा तळ मुतातल्या मिठानं खाल्लेला. दुरुस्त करण्यासारखं सगळं. मग मी ब्रशनं हातभर जागा धुतली आणि थबकले. शहरात सेंट्रिंगला, म्हणजे काँक्रीट ओतायच्या साच्याला, हलकं लाकूड वापरतात. इथं जंगलात वनखात्याच्या डेपोतल्या नापास सागवानी फळ्या स्वस्त पडत, त्याच लावल्या होत्या. काँक्रीटवर सागाच्या रेषा, गाठी, सगळं उमटलेलं. ते साग कधीच तोडले गेले. त्यांचे ठसे मात्र शेवाळाखाली जसेच्या तसे होते. या भिंतीची मला जन्मभर किळस वाटली होती, आणि तिथं उभी राहून मला भरून आलं.

गावाची सभा त्याच हॉलमध्ये झाली. मी सगळं समजावलं. लोकांनी ठसे पाहिले, कुणी हात लावून पाहिला. मागून आई उभी राहिली. "हॉल ठेवा का पाडा, पयले बायाइले संडास-मोरी बांधा. बाजाराच्या दिवशी बायांनं जावं कुठी? माणसं तं भितीवर मोकळे होतात." हशा पिकला. मला हसू आलं नाही, कारण हॉलची सगळी बदनामी त्या एका वाक्यात होती. नगरपंचायतीचे अध्यक्षभाऊ टेबलावर थाप मारून म्हणाले, "पाडणं कॅन्सल. हा आपला हेरिटेज!" टाळ्या पडल्या आणि मी समाधानानं बल्लारपूरला आत्याकडे गेले.

आठवड्यानं परतले तर समोरची भिंत पांढरीफटक. ठशांवर पुट्टी घासलेली. छज्ज्याच्या खांबांना खोट्या दगडाच्या टाइल, दाराला प्लायवूडची महिरप, आणि मधोमध एक पेंटर वाघ काढतोय. ताडोबाचा वाघ, आमच्या गावात! त्याचे डोळे म्हशीसारखे.

"अध्यक्षभाऊ, हे काय केलं?"

"काऊन मॅडम? हेरिटेज म्हनलं तं हेरिटेजवानी दिसाले पायजे का नाई?"

या माणसाला काय सांगावं? त्यानं ते प्रेमानं केलं होतं, हीच तर चीड. आमच्याकडे जपणं म्हणजे झाकणं. देवळातल्या दगडाला ऑइलपेंट मारतात, तसंच हे. पुट्टी काढायला गेलं तर ठसेही खरवडून निघणार. समोरचा साग गेला तो गेलाच. मी तिथंच त्याला वाट्टेल ते बोलले, आणि मग रडले.

मागे जाऊन पाहिलं. मागची भिंत तशीच होती, काळी आणि ओली. कंत्राटदार म्हणे, वासानं मजूर उभे राहीनात. संडास बांधून झाला की मग तीही चकाचक करू. ऐकलं आणि माझ्या मनात आलं की संडास होऊच नये. तो दर्प असाच राहावा, म्हणजे ही भिंत तरी वाचेल. माझीच मला किळस आली. आई बाजाराच्या दिवशी सकाळपासून पाणी पीत नाही, आणि मी सागाच्या रेषा मोजतेय.

दुसऱ्या दिवशी अध्यक्षभाऊंकडे गेले. म्हटलं, संडास आधी, उद्याच पाया खणा, नकाशा मी देते. आणि मागच्या भिंतीला फक्त पाण्यानं धुवा, दुसरं काही करू नका. ते माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहत राहिले. "मांगून कोन पायते मॅडम? राहू द्या तशीच."

संडास झाला. प्रकाशनं फोटो पाठवला, दारात आई उभी, कंबरेवर हात. तिच्या मागे धुतलेली भिंत, राखाडी, तिच्यावर सागाच्या गाठी. समोरच्या वाघाचे फोटो बाकी सगळ्यांनी पाठवले. इथं लीड्समध्ये कुणी विचारतं, तुझं गाव कसं आहे, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे समोरची बाजू येतच नाही. जी सुंदर करायचं कुणाच्या मनातही आलं नाही, ती मागची बाजू माझं घर आहे.