पेडलपुढचा पत्रा

तोफखान्याशी माझी पहिली गाठ पडली त्या दिवशी त्या गल्लीतली कबुतरं उडाली ती परत आलीच नाहीत, असं लोक सांगतात. मला खरंच वाटतं. आईचं शिलाई मशीन कुरकुर करत होतं म्हणून मी त्यात स्वयंपाकघरातलं तेल ओतलं होतं. कुरकुर थांबली, पण त्याचबरोबर मशीनही थांबलं. मग ते धूड छातीशी कवटाळून मी दुरुस्तीच्या दुकानात गेलो. टेबलामागच्या बाईने झाकण उघडून वास घेतला आणि ती एकदम आग लागल्यासारखी ओरडली. भजी तळायची होती तर कढई घ्यायची होती, मशीन कशाला, इथपासून सुरुवात झाली आणि माझ्या पूर्वजांपैकी कुणाला अक्कल होती का, याची पिढीवार चौकशी झाली. आवाजावरून मी तिची उंची साडेसहा फूट ठरवली होती. पैसे घ्यायला ती टेबलामागून बाहेर आली तेव्हा कळलं, ती चाकांच्या खुर्चीत बसलेली होती.

गल्लीत तिला सगळे तोफखाना म्हणत, तिच्या तोंडावरसुद्धा. तिची त्याला हरकत नव्हती. ‘बिचारी’ म्हणणाऱ्याला मात्र ती दुकानाची पायरी चढू देत नसे. पायरी तशीही नव्हती, तिथे उतार केलेला होता.

जिन्यावरून पडून पाठीच्या कण्याला मार बसला तेव्हा ती विशीत होती. कमरेखाली काही उरलं नाही, असं ती सांगायची आणि लगेच दुरुस्ती करायची, की उरलंय, पण ते माझं ऐकत नाही. पायांना मधूनच आचके येत. गप्पा मारता मारता उजवा पाय सरळ ताठ व्हायचा आणि समोरच्या गिऱ्हाइकाच्या नडगीवर बसायचा. ती हाताने तो उचलून जागेवर ठेवायची आणि म्हणायची, “याला आवडलात तुम्ही.”

तिचा खरा धंदा दुकानात नव्हता. शहराबाहेर कपडे शिवायचे चार-पाच कारखाने होते. तिथली मशीन बिघडली की काम बंद, आणि काम बंद झालं की मालकाचा फोन हिला. धाकटा भाऊ त्याच्या गाडीतून तिला घेऊन जायचा. त्याला ती लाडाने गाढव म्हणायची, आणि रागावली तर गाढवाची माफी मागायची. या गाढवाला दूरच्या शहरात नोकरी लागली. मोसम बदलला की तो बायकोपोरांसह जाणार होता. गाडी ताईला ठेवून जाणार होता, पण चालवणार कोण?

“मी,” तोफखाना म्हणाली.

भावाने तोंड उघडलं. ती म्हणाली, “पायाने चालणारं मशीन मी हाताने चालवते की नाही? मग?” त्याने तोंड मिटलं.

मला वाटलं होतं हे लायसन्स म्हणजे कुणाच्या तरी दयेचा प्रश्न असेल. तसं काही नव्हतं, सगळं नियमात बसत होतं. आधी डॉक्टरने तपासलं. डोळे, हातांची ताकद, खांदे किती वळतात, धोका दिसल्यावर हात किती लवकर हलतो. त्याने लिहून दिलं, की बाई गाडी चालवू शकतात, पण अशा गाडीवर : गिअर आपोआप बदलणारे हवेत, ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर हाताचे हवेत, स्टिअरिंगवर एका हाताने फिरवायला मूठ हवी, आणि पेडलपुढे आडवा पत्रा हवा. भावाची गाडी सुदैवाने आपोआप गिअरची होती. मग मान्यता असलेल्या गॅरेजमध्ये तिच्यात बदल झाले. स्टिअरिंगखाली एक दांडा बसला. पुढे ढकलला की ब्रेक लागणार, स्वतःकडे ओढला की वेग वाढणार. दांड्यापासून सळया मूळ पेडलांना जोडलेल्या, म्हणजे पेडल जागेवरच होती आणि भाऊही पायाने गाडी चालवू शकत होता. पत्रा दोन खिट्ट्यांवर बसायचा. भाऊ बसला की तो काढायचा, ताई बसली की लावायचा. पत्र्याचं काम एकच : आचका आला तर पाय पेडलवर जाऊ नये. गॅरेजचा दाखला झाला, गाडीची तपासणी झाली, बदलांची नोंद गाडीच्या कागदांवर झाली. मग शिकाऊ लायसन्स मिळालं, आणि शेजारी भावाला बसवून ती शिकली.

मी एकदा मागे बसलो होतो. शिव्या सोडल्या तर ती फार शांत गाडी चालवायची.

परीक्षेच्या दिवशी भावाला सुट्टी मिळाली नाही, म्हणून लायसन्सवाला माणूस म्हणून शेजारी मी बसलो. परीक्षेचं मैदान कार्यालयाच्या मागे होतं. पांढऱ्या रेघा, एक छोटा चढ, उलटं लावायच्या जागेला चार खांब. अर्जात आम्ही अगोदरच सगळं कळवलं होतं, आणि कार्यालयाचं उत्तरही आलं होतं : वेळ जास्त दिला जाईल, गाडीतले बदल आधी समजून घेतले जातील, उतरून दाखवायच्या गोष्टी बसल्या जागी तोंडी विचारल्या जातील. बाकी चढ तोच, ब्रेक तोच, मागे घेणं तेच. तोफखान्याला हेच आवडलं होतं. सूट दिली असती तर तिने नक्की भांडण काढलं असतं.

निरीक्षक आला. इस्त्रीचा शर्ट, हातात फळी, फळीवर पेन दोरीने बांधलेलं. माणूस वाईट नव्हता, फक्त आयुष्यभर त्याने लोकांचे पाय बघितले होते. शिकाऊ माणूस घाबरला की पाय घोटाळतो, हे त्याचं ज्ञान, आणि त्यावरच त्याची नोकरी चालली होती. त्याने दार उघडलं, खाली वाकला आणि म्हणाला, पेडल झाकलेली आहेत.

तिने दांडा दाखवला. पुढे ब्रेक, मागे वेग. पत्रा कशासाठी ते सांगितलं. गाडीच्या कागदांवरची नोंद दाखवली. चक्क ‘साहेब’ म्हणून सांगितलं, मी या कानांनी ऐकलं. तो मान डोलवत राहिला. मला वाटलं, समजलं त्याला. मग तो म्हणाला, “ते ठीक आहे. पण पेडल उघडी पाहिजेत. मला तुमचे पाय दिसले पाहिजेत.” आणि त्याने हात घालून दोन्ही खिट्ट्या फिरवल्या, पत्रा काढला आणि मागच्या डिकीत ठेवला. नीट, ओरखडा न पाडता. मग गाडीच्या पुढे जाऊन उभा राहिला, फळी पोटाला टेकवून, आणि हाताने खूण केली : करा सुरू.

तोफखान्याने किल्लीला हातही लावला नाही.

“पत्रा लावा. मग सुरू करते.”

तो म्हणाला, परीक्षा माझी आहे. ती म्हणाली, गाडी माझी आहे. तो म्हणाला, सुरू केली नाहीत तर नापास. ती म्हणाली, लिहा. त्याने लिहिलं. दोरीच्या टोकाचं ते पेन कागदावर फिरताना मी पाहिलं, आणि इतक्या वर्षांत मला कधी आला नाही असा संताप आला. पण तो कागद शिपायाच्या हातून आत संगणकाकडे गेला तरी मी फक्त “अहो, अहो” एवढंच म्हणालो. तोफखान्याकडे माझ्यापेक्षा बरा उपाय होता. तिने तळहात हॉर्नवर ठेवला आणि उचललाच नाही.

आधी मैदानावरचे बाकीचे शिकाऊ थांबले. एकाने घाबरून खांब पाडला. मग खिडक्या उघडल्या, खिडक्यांतून डोकी बाहेर आली. निरीक्षक हातवारे करत होता, काय म्हणत होता ते कुणालाच ऐकू येत नव्हतं, आणि मला वाटतं त्या दिवशीचा त्याचा तोच शहाणपणा. शेवटी वरच्या मजल्यावरच्या मोठ्या बाई खाली आल्या. चष्मा कपाळावर, हातात अर्धा खाल्लेला सफरचंदाचा तुकडा. हॉर्न थांबला.

निरीक्षकाने आपली बाजू सांगितली : उमेदवाराने गाडी सुरू करायला नकार दिला. हे अगदी खरं होतं. तोफखान्याने आपली सांगायला सुरुवात केली आणि तिचा आवाज चढत गेला, मान लाल झाली, आणि राग आला की तिला जे व्हायचं तेच झालं. उजवा पाय ताठ झाला. खुळ्यासारखा, कुणाला न विचारता, सरळ पुढे गेला आणि बूट अ‍ॅक्सिलरेटरच्या पेडलवर जाऊन बसला. पूर्ण तळापर्यंत. दांड्याला जोडलेली सळई खाडकन हलली.

गाडी बंद होती म्हणून पुढे काही झालं नाही.

तिने दोन्ही हातांनी पाय धरला, पण तो उचलेना. तसाच दाबलेला राहिला. मोठ्या बाई वाकून बघत होत्या. निरीक्षक बोनेटपुढे उभा होता, बंपर त्याच्या गुडघ्याला लागत होता. तोफखाना आता ओरडली नाही. तिचा हळू आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

“मी किल्ली फिरवली असती, तर तुम्ही आत्ता कुठे असता? बघा जरा कुठे उभे आहात.”

त्याने खाली पाहिलं. एक पाऊल बाजूला झाला. बंद गाडीपुढून माणूस बाजूला झालेला मी तेवढा एकदाच पाहिला.

मोठ्या बाईंनी कागद वाचले. मग निरीक्षकाला जे सांगितलं ते आम्हा सगळ्यांना ऐकू गेलं. पत्रा हा गाडीचा भाग आहे, दाखल्यात आहे, नोंदीत आहे. तो काढला म्हणजे मंजूर झालेली गाडीच ही नव्हे, आणि नामंजूर गाडीवर परीक्षा घेता येत नाही. दांडा चालवणाऱ्याचे हात बघायचे, पाय नव्हे. निरीक्षकाने डिकीतून पत्रा आणला आणि स्वतः लावला. खिट्टी उलटी फिरवली, तोफखान्याने सुलटी केली. मी मनात गुलाल उधळायला सुरुवात केली होती.

तेवढ्यात मोठ्या बाई म्हणाल्या, आजचा निकाल मात्र चढलेला आहे. संगणकात एकदा गेला की मागे घेता येत नाही. पुन्हा अर्ज करा. अशा गाड्यांची परीक्षा घ्यायला वेगळं शिक्षण झालेला निरीक्षक आहे, तो फिरतीवर असतो, त्याची तारीख मिळेल. तेव्हा काही त्रास होणार नाही, मी स्वतः लक्ष घालते. सगळं चांगल्या आवाजात, सफरचंद मागे लपवून.

“म्हणजे चूक यांची,” तोफखाना म्हणाली, “आणि थांबायचं मी?”

मोठ्या बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि आमचे कागद परत दिले. ही बाई वाईट नव्हती, निरीक्षकही वाईट नव्हता, आणि याचाच मला आजतागायत राग येतो. एखादा बदमाश असता तर त्याच्या नावाने बोटं तरी मोडता आली असती. इथे सगळी भली माणसं भल्या आवाजात एका बाईच्या पोटावर पाय देत होती, आणि तो पाय बघायला निरीक्षक नव्हता.

परत येताना गाडी तीच चालवत होती. एका रिकाम्या चौकात उगाच ब्रेक लावून बघितला. गाडी जागच्या जागी, चाकं सरळ.

तारीख मिळाली तोवर भाऊ गेला होता. कारखान्यांचे फोन येत राहिले, पण शिकाऊ लायसन्सवर शेजारी बसायला कुणी नव्हतं, मला माझी नोकरी होती. एकदा ती भाड्याच्या गाडीने गेली, ड्रायव्हरने तिची खुर्ची अशी कोंबली की चाक वाकलं. त्याला तिने जे ऐकवलं ते छापण्यासारखं नाही. मग फोन कमी झाले. मशीन बंद पडलं की मालक कुणासाठी थांबत नाही, थांबूही नये.

दुसऱ्या परीक्षेला फिरतीवरचा निरीक्षक आला. आधी दांडा समजून घेतला, पत्रा तपासला, मग तिच्या हातांकडे बघत शेजारी बसला. चढावर गाडी मागे घसरली नाही. अचानक थांबायला सांगितलं तिथे ती अशी थांबली की त्याचं पेन पडलं. या वेळी ती पास झाली. लायसन्सवर अट आहे : फक्त आपोआप गिअरची, हाताने चालवायची, बदल केलेली गाडी.

कारखान्यांनी तोवर दुसरा मिस्त्री ठेवला होता. तो अजून आहे. गाडी दुकानाच्या बाहेर उभी असते. बॅटरी उतरू नये म्हणून ती आठवड्यातून एकदा चक्कर मारून येते.