मिठाचं पाणी आणि कारणबाई

शाळेत त्यांना सगळे कारणबाई म्हणत. विज्ञानाच्या प्रत्येक कार्यपत्रिकेत त्यांचे विधान-कारण प्रश्न असायचेच. विधान आणि कारण दोन्ही बरोबर आणि कारणाने विधान नीट समजतं, तर ‘अ’. दोन्ही बरोबर, पण एकाचा दुसऱ्याला पत्ता नाही, तर ‘ब’. कारण चुकलं तर ‘क’, विधानच चुकलं तर ‘ड’. घरीही नवरा म्हणाला, “उशीर झाला, वाहतूक होती,” की बाई चष्म्यावरून बघत. तो बिचारा स्वतःच म्हणे, “ब.”

त्या दिवशी उत्तरपत्रिका तपासताना शेवटच्या बाकावरच्या अबोल मुलीला चाळीसपैकी तेरा पडले. चौदा लागत. नाहीतर पुढच्या वर्षी तिला विज्ञान घेता येणार नव्हतं.

तिच्या एका चुकलेल्या प्रश्नात विधान होतं: मिठाच्या पाण्यातून वीज वाहते. कारण: मीठ पाण्यात विरघळतं. बाईंच्या उत्तरसूचीत ‘अ’ होता, मुलीने ‘ब’ लिहिलं होतं. तशी ती बऱ्याच ठिकाणी ‘ब’च लिहायची. ठोकून देते, असं बाईंनी मनात कधीच ठरवून टाकलं होतं.

मधल्या सुट्टीत त्यांनी तिला बोलावलं. “हे ‘ब’ का गं?”

मुलगी जमिनीकडे बघत म्हणाली, “साखरही विरघळते ना, बाई.”

“मग?”

“मग साखरेच्या पाण्यातूनही वाहायला हवी. मला वाटलं, नसेल वाहत.”

बाईंनी प्रयोगशाळेतून चार सेल, छोटा दिवा आणि दोन तारा काढल्या. शुद्ध पाण्याच्या दोन चंचुपात्रांत एकीकडे मीठ, एकीकडे साखर. मिठाच्या पाण्यात दिवा लागला. साखर पूर्ण विरघळली, दिवा ढिम्म. वीज वाहते ती मिठाचे भारित कण सुटे होतात म्हणून. साखरेचे कण विरघळतात, पण त्यांच्यावर भार नसतो. हे बाई स्वतःच शिकवत आल्या होत्या. आणि उत्तरसूची सहा वर्षं तशीच चालली होती.

“ही नेहमी ‘ब’ लिहिते, हे खरं,” बाई पुटपुटल्या. “हिला येत नाही, हे कारण मात्र माझंच, आणि चुकीचं. उत्तर ‘क’.”

मुलीला काही कळलं नाही, पण हसू आलं.

वर्गात बाईंनी चूक सांगितली, तेव्हा पहिल्या बाकावरची हुशार मुलगी कुरकुरली, “बाई, तुमच्या जुन्या सूचीवरूनच ‘अ’ पाठ केला होता, आता आमचा गुण गेला.”

“माझाही गेला, बाळा. तुझ्यापेक्षा जुना.”

शेवटच्या बाकावरच्या मुलीला चौदा झाले. विषयनिवडीच्या अर्जावर बाईंनी लिहिलं: विज्ञान द्यावे. पुढे रकाना होता, शिफारशीचे कारण. ‘चौदा गुण मिळाले,’ असं लिहून त्या थांबल्या. खरं होतं, पण कारण ते नव्हतं. त्यांनी ते खोडलं आणि हळूच लिहिलं, ‘साखर घालून बघायचं हिला आपणहून सुचतं.’